साहेबांकडून नुसता कार्डाचा फोटो येतो तेव्हा

प्रश्न: मला पी.ए. म्हणून लागून तीन महिने झाले. सर बाहेर असले की व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डाचा फोटो टाकतात, खाली एक अक्षरही नसतं. नंबर सेव्ह करायचा, परक्या भाषेत असेल तर भाषांतर करून द्यायचं, की ओळखीचा मेसेज लिहायचा? विचारलं तर “एवढंही कळत नाही का” म्हणतात, आणि न विचारता केलं तर नेमकं चुकतं.

उत्तर:

सेव्ह लगेच करा, भाषांतर गरजेपुरत्या दोन-तीन ओळींचं करा, आणि मेसेज त्यांच्या तोंडून किमान एक शब्द मिळाल्याशिवाय लिहूही नका, पाठवणं तर दूरच. विचारायचं असतंच, फक्त काम करून झाल्यावर विचारायचं. “याचं काय करू?” या प्रश्नाला चिडचिड मिळते. “सेव्ह केलंय, नाव बरोबर आहे ना?” याला उत्तर मिळतं.

हा क्रम मी ठरवला तो एका चुकीनंतर. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तेव्हाच्या साहेबांनी असाच एक फोटो पाठवला. आदल्या दिवशी त्यांची कुणाशी तरी बैठक होती हे मला माहीत होतं, म्हणून मी हुशारी केली आणि त्यांच्या ईमेलवरून “आपल्याला भेटून आनंद झाला, पुढील चर्चेसाठी उत्सुक आहोत” असं छान पत्र त्या माणसाला धाडलं. कार्ड त्याच बैठकीतलं होतं, एवढा अंदाज बरोबर निघाला. पण बैठकीत साहेबांनी त्याला स्पष्ट नकार दिला होता, आणि कार्ड मला पाठवलं होतं ते “याचा फोन आला तर जोडू नकोस” हे सांगण्यासाठी. ते सांगायचं राहून गेलं, मध्येच लिफ्ट आली म्हणे. पुढचे दोन आठवडे तो माणूस पत्राचा दाखला देऊन फोन करत राहिला.

तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात आली. कार्डावरून माणूस कोण ते कळतं, बोलणं काय झालं ते कळत नाही. सेव्ह करायला ‘कोण’ पुरतं. भाषांतरालाही पुरतं. मेसेजला मात्र ‘काय झालं’ लागतं, आणि ते फोटोत नसतं. शिवाय सेव्ह केलेलं पुसता येतं, चुकलेलं भाषांतर सुधारता येतं, गेलेला मेसेज परत येत नाही. समोरच्याने वाचण्याआधी ‘डिलीट’ केला तरी डिलीट केल्याची खूण मागे राहते, आणि ती मेसेजपेक्षा जास्त बोलते.

आता एक कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं हाताळलं ते सांगते, कारण त्यात तुमचे तिन्ही प्रश्न एकत्र आले होते.

साहेब एका मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाला गेले होते. दुपारी चार-वीसला फोटो आला. एकच कार्ड, पूर्ण जपानीत, खाली काही नाही.

मी कार्ड वाचायच्या आधी फोटो वाचते. ही सवय तुम्हीही लावून घ्या, निम्मा उलगडा तिथेच होतो. पहिल्यांदा बघायचं, फोटो त्यांनी स्वतः काढलाय की कुणाकडून आलेला पुढे ढकललाय. व्हॉट्सअ‍ॅप पुढे पाठवलेल्या चित्रावर तशी खूण दाखवतं. ढकललेलं कार्ड म्हणजे मध्ये तिसरा माणूस आहे, कुणीतरी “यांच्याशी बोला” म्हणून दिलंय, आणि तिथे पुढे ओळखीचा मेसेज लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त. स्वतः काढलेला फोटो म्हणजे भेट झाली, कार्ड खिशात आहे.

मग वेळ आणि संख्या. रात्री दहाला हॉटेलवरून ओळीने आठ कार्डं आली तर तो खिसा रिकामा करण्याचा कार्यक्रम असतो, सगळी निमूट सेव्ह करायची. भर दुपारी, गर्दीत, एकच कार्ड आलं तर त्या माणसाशी काहीतरी अडलंय किंवा जमलंय. आणि बैठक चालू असताना टेबलाखालून काढल्यासारखा वाकडा फोटो आला, तर बहुतेक वेळा “हा नक्की कोण आहे, पटकन सांग” असा अर्थ असतो. तिथे भाषांतर आधी द्यायचं, सेव्ह नंतर. अर्थात हे सगळे अंदाजच. या अंदाजांवरून कामाचा क्रम ठरवायचा, मेसेज पाठवायचा नाही.

माझ्या फोटोत साहेबांचा अंगठा दिसत होता, मागे स्टॉलचं पांढरं टेबल, पुढे ढकलल्याची खूण नाही. म्हणजे भेट झालेली, माणूस समोर किंवा नुकताच गेलेला. क्रम ठरला: सेव्ह, सोबत थोडं भाषांतर, मग एक प्रश्न.

सेव्ह करणं सोपं वाटतं. खऱ्या चुका तिथेच होतात, आणि त्या सहा महिन्यांनी कळतात. जपानी कार्डावर बहुधा दोन-तीन क्रमांक असतात. एक कंपनीचा मुख्य क्रमांक, जिथे ऑपरेटर उचलतो. एक थेट टेबलावरचा. आणि फॅक्स, तो जपानी कार्डांवर अजूनही बरेचदा दिसतो. तिन्ही एकाखाली एक, सारख्याच टाइपात. अक्षरं वाचता येत नसतील तर सगळे ‘फोन’ म्हणून भरले जातात आणि महत्त्वाच्या दिवशी साहेब फॅक्सची शिट्टी ऐकत बसतात. फॅक्सच्या आधी पुष्कळदा रोमन लिपीतच तसं लिहिलेलं असतं, तेवढं तरी शोधायचं.

आकडे मोजायचे. जपानमधला लँडलाइन क्रमांक सुरुवातीच्या शून्यासकट १० आकडी असतो, मोबाइल ११ आकडी आणि बहुधा `070`, `080` किंवा `090` ने सुरू होणारा. टोकियोचा क्रमांक `03` ने सुरू होतो, पुढे आठ आकडे. तुम्ही उतरवलेला टोकियोचा क्रमांक नऊ आकडी भरला तर फोटोवरच्या चकाकीत एक आकडा गेलाय, हे कुणालाही न विचारता कळतं. सेव्ह करताना देशाचा क्रमांक लावायचा आणि पुढचं शून्य काढायचं: `03` चं `+81 3` होतं. कार्डावर नुसतं `03-…` छापलेलं तसंच सेव्ह केलं, तर परदेशातून लागणार नाही. युरोपातल्या काही कार्डांवर `+44 (0)20` असं कंसातलं शून्य असतं, तेही परदेशातून लावताना गाळायचं. इटलीचा लँडलाइन मात्र अपवाद, तिथे शून्य ठेवावंच लागतं. म्हणून “शून्य नेहमी काढा” असा नियम पाठ करू नका, देश बघून ठरवा.

जपानी कार्ड कधी उभं छापलेलं असतं. तिथे क्रमांकसुद्धा त्यांच्या चित्राक्षरातल्या आकड्यांत असू शकतात. ते चित्र समजून सोडून देऊ नका.

ईमेल उतरवताना माझी एक ठरलेली तपासणी आहे. ईमेलमध्ये @ नंतर जे येतं ते कार्डावरच्या वेबसाइटच्या पत्त्याशी जुळवायचं. बहुतेक कंपन्यांत दोन्ही एकच असतात. एका अक्षराचा फरक निघाला तर दोनपैकी एक तुम्ही चुकीचं वाचलंय. सगळ्यात फसवी जोडी म्हणजे `rn` आणि `m`, त्यानंतर `l` आणि `1`. ईमेलखाली रेघ छापलेली असेल तर अंडरस्कोअर त्या रेघेत बुडून जातो आणि दोन शब्दांमध्ये नुसती मोकळी जागा दिसते. ईमेलमध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे तशी दिसली की तिथे अंडरस्कोअर आहे असं धरून फोटो मोठा करून बघायचा.

फोटो फाटतो, अक्षरं पुसट दिसतात, तेव्हा डोळे ताणत बसण्यात अर्थ नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. साहेबांना “डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का” एवढं लिहायचं. त्या वाटेने मूळ फाइल जशीच्या तशी येते. माझ्या वेळी फोटो स्वच्छ होता.

मग नाव. इथे सेव्ह आणि भाषांतर एकमेकांत मिसळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या ओळखीत एक निवृत्त दुभाषी आहेत, मी त्यांना काका म्हणते. कार्डाचा फोटो न पाठवता (दुसऱ्याचं कार्ड असं फिरवायचं नाही, त्यावर मोबाइल असतो) नावाची आणि पदाची ओळ तेवढी कापून त्यांना पाठवली आणि फोन केला.

“काका, नाव काय लिहिलंय?”

“आडनाव स्पष्ट आहे. पुढचं नाव युको असेल, नाहीतर हिरोको.”

“असं कसं? दोन नावं?”

“चित्राक्षरं तीच, वाचायची पद्धत वेगळी. आईबापांनी काय ठेवलं ते कागद सांगत नाही. ईमेल काय आहे?”

मी वाचून दाखवला. @ च्या आधी एक अक्षर, मग टिंब, मग आडनाव. ते एक अक्षर होतं `h`.

“मग हिरोको. लिहून टाक.”

हे मी कधी विसरले नाही. जपानी नावाचं ‘भाषांतर’ कितीही चांगल्या शब्दकोशातून केलं तरी तो अंदाज राहतो, आणि माणसाला चुकीच्या नावाने हाक मारण्यासारखी वाईट सुरुवात नाही. पण बहुतेक कार्डांवर खरा उच्चार रोमन लिपीत लपलेला असतो, ईमेलमध्ये. अरबी, चिनी, कोरियन, रशियन कार्डांनाही हे लागू पडतं: नाव तुम्ही लिप्यंतर करून बनवायचं नाही. त्या माणसाने स्वतः रोमनमध्ये ते कसं लिहिलंय ते शोधायचं आणि तसंच ठेवायचं.

क्रमाचा घोळ वेगळा. जपानीत आडनाव आधी येतं. रोमनमध्ये लिहिताना कुणी पाश्चात्त्य पद्धतीने उलटं करतं, कुणी करत नाही. जपान सरकारने २०२० पासून आपल्या कागदपत्रांत रोमनमध्येही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, त्यामुळे दोन्ही तऱ्हेची कार्डं हातात येतात. एखादा शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत छापला असेल तर तो आडनाव समजायचा, त्यासाठीच तशी पद्धत आहे. कॉन्टॅक्ट भरताना दोन्ही नावं एकाच रकान्यात कोंबू नका, आडनावाच्या रकान्यात आडनाव घाला. मी हे साध्या .vcf फाइलमध्ये लिहून ठेवते, कारण ती साहेबांना पाठवली की त्यांच्या फोनमध्ये एका टिचकीत सेव्ह होते आणि त्यांना नको असेल तर काहीच बिघडत नाही. त्या दिवशीची फाइल साधारण अशी होती:

```
BEGIN:VCARD
VERSION:3.0
N:SURNAME;Hiroko;;;
FN:SURNAME Hiroko
ORG:Company Name
TEL;TYPE=WORK:+813XXXXXXXX
TEL;TYPE=FAX:+813XXXXXXXX
EMAIL:h.surname@example.co.jp
NOTE:प्रदर्शन. दु. ४.२० ला फोटो. पद तपासायचे.
END:VCARD
```

`N` च्या ओळीत आधी आडनाव आणि मग अर्धविरामाने तोडून नाव, हा त्या फाइलचा ठरलेला क्रम आहे, माणूस कुठल्याही देशाचा असो. `NOTE` ची ओळ लोक रिकामी सोडतात. सगळ्या ओळींत तीच पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडते. दोन वर्षांनी साहेब विचारतात, “त्या प्रदर्शनात भेटलेल्या जपानी बाई कोण होत्या?” तेव्हा नाव आठवत नसतं, प्रदर्शन आठवतं. तेच शोधता आलं पाहिजे. आणि हे सगळं ऑफिसच्या खात्यात ठेवा, तुमच्या स्वतःच्या फोनच्या यादीत नाही. नोकरी सुटते तेव्हा शंभर परक्या माणसांचे नंबर आपल्या घरी येऊ नयेत.

`TITLE` ची ओळ मी मुद्दाम भरली नव्हती. भाषांतराचा अवघड भाग पद हाच असतो. काकांनी वाचलं, “बुचो. विभागाचा प्रमुख.” आता हे मराठीत ‘विभागप्रमुख’, इंग्रजीत मॅनेजर, डिपार्टमेंट हेड, जनरल मॅनेजर, यातलं काहीही होऊ शकतं, आणि प्रत्येक कंपनी इंग्रजीत आपापलं नाव वापरते. त्याच्या खाली ‘काचो’ असतो, एका उपविभागाचा प्रमुख. ‘तोरिशिमारियाकु’ हा शब्द असेल तर ती व्यक्ती संचालक मंडळावर आहे, आणि त्याआधी ‘दाइह्यो’ लागलं असेल तर कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार तिला आहे. साहेबांना एवढंच हवं असतं: समोरचा माणूस निर्णय घेणारा आहे, की निर्णय वर नेणारा. म्हणून मी पदाचा अनुवाद ठोकून देत नाही, त्याचा अर्थ सांगते. कार्डाचं भाषांतर म्हणजे पत्ता, मजला, इमारतीचं नाव, घोषवाक्य यांची मराठी यादी नव्हे. पत्ता तर भाषांतरित करायचाच नसतो. उद्या पाकीट पाठवायचं झालं तर तिथल्या पोस्टमनला तो मूळ लिपीतच सोपा जाईल, त्यासाठी फोटो आहेच. कंपनीच्या नावातला ‘काबुशिकी गाइशा’ म्हणजे भागभांडवली कंपनी. तो कधी नावाच्या आधी येतो, कधी नंतर, त्याचं मराठी करून नावात घुसडायचं नाही.

पावणेपाचला मी साहेबांना .vcf फाइल पाठवली आणि खाली हे लिहिलं:

“सेव्ह केलं. नाव हिरोको (आडनाव फाइलमध्ये आहे), कंपनीत एका विभागाच्या प्रमुख, संचालक मंडळावर नाहीत. क्रमांक ऑफिसचा आहे, मोबाइल छापलेला नाही. कार्डाची मागची बाजू असेल तर सवडीने पाठवा. त्यांना काही लिहायचं असेल तर काय ठरलं तेवढा एक शब्द द्या.”

या मजकुरात प्रश्नचिन्ह एकही नाही, हे बघा. आमच्या साहेबांना प्रश्न आवडत नाहीत, तुमच्याही नसावेत. पहिल्या ओळीने काम झालेलं दिसतं, त्यामुळे त्यांनी उत्तर दिलं नाही तरी काही अडत नाही. भाषांतर दोन वाक्यांत आटोपलं. शेवटच्या ओळीला ते “नको”, “थांब” किंवा एक शब्द लिहून मोकळे होऊ शकतात. लांब विचारलं असतं तर उत्तर रात्रीपर्यंत लांबलं असतं, बहुधा आलंच नसतं.

मागची बाजू का मागितली, तर परदेशी लोकांशी व्यवहार करणाऱ्या जपानी माणसाच्या कार्डाच्या पाठीवर पुष्कळदा तेच सगळं इंग्रजीत छापलेलं असतं. आधी भाषांतराच्या खटपटीत पडून मग हे लक्षात येणं फार लाजिरवाणं आहे. मी स्वतः एकदा पूर्ण दुपार अशी घालवली आहे. परक्या लिपीतलं कार्ड आलं की पहिली मागणी दुसऱ्या बाजूची. ती येईपर्यंत जमेल तेवढं करून ठेवायचं.

साहेबांचं उत्तर साडेपाचला आलं: “शुक्रवारी सॅम्पल.”

बस, दोनच शब्द. पण आता मेसेज लिहिता येत होता. तरी एक गोष्ट या दोन शब्दांतूनही कळत नव्हती: सॅम्पल आपण पाठवायचं की त्या पाठवणार? अंदाज करता आला असता, आम्ही विकणारे असल्यामुळे बहुधा आपणच. पण उलट निघालं तर आपण न दिलेलं वचन लेखी दिल्यासारखं होतं. म्हणून मसुद्यात ती जागा उघड ठेवली. मसुदा इंग्रजीत होता, कारण त्यांची बोलणी इंग्रजीत झाली असणार. साहेबांना जपानी येत नाही. ज्या भाषेत भेट झाली त्याच भाषेत लिहावं. तुटक्या जपानीत नटवलेलं पत्र आलं की समोरचा पुढची सगळी उत्तरं जपानीतच पाठवायला लागतो, आणि मग रोज काका. मराठीत त्याचा आशय असा:

“हिरोको यांच्या आडनावापुढे ‘सान’. प्रदर्शनात आपल्या स्टॉलवर भेट झाली, वेळ दिल्याबद्दल आभार. बोलल्याप्रमाणे सॅम्पल शुक्रवारपर्यंत [आम्ही पाठवू / आपल्याकडून येईल]. या बाबतीत माझ्या कार्यालयातून कुणाशी संपर्क ठेवायचा ते खाली दिलं आहे.” मग साहेबांची सही.

चारच ओळी. ‘सान’ लावलं कारण ते बाई-पुरुष दोघांनाही चालतं, आणि कार्ड बाईचं की पुरुषाचं हे नावावरून ठरवायची जोखीम घ्यावी लागत नाही. ते आडनावाला लागतं. कंपनीची ओळख, आमची उत्पादनं, माहितीपत्रक, काही जोडलं नाही. माणूस समोरासमोर भेटलाय, त्याला आपण कोण ते सांगायची गरज नसते. भेट काय होती याची आठवण द्यायची असते. प्रदर्शनात त्या दिवशी तिने शंभर जणांशी बोलणं केलेलं असू शकतं.

हेच कार्ड कुणा तिसऱ्याकडून पुढे ढकललेलं असतं तर मसुदा पूर्ण वेगळा झाला असता. तिथे पहिल्या ओळीत त्या तिसऱ्या माणसाचं नाव यावं लागतं, “अमुक यांनी आपला संपर्क दिला” असं, आणि ते नाव वापरायला त्याची हरकत नाही ना, हे साहेबांकरवी आधी विचारून घ्यावं लागतं. आणि “ओळखीचा मेसेज” म्हणजे साहेबांना त्या माणसाची आपल्याच खरेदी विभागातल्या कुणाशी गाठ घालून द्यायची आहे, असाही अर्थ निघू शकतो. ती ओळख दोन्ही बाजूंना लिहायची असते, आणि दोघांचे नंबर एकमेकांना द्यायच्या आधी दोघांनाही विचारायचं असतं. एका शब्दात तीन कामं दडलेली, म्हणून तर “काय ठरलं” हे विचारल्याशिवाय मी पेन उचलत नाही.

मसुदा मी साहेबांच्या ड्राफ्टमध्ये ठेवला. चौकोनी कंस मुद्दाम तसेच. ते दिसले की घाईत असलेला माणूससुद्धा थांबतो. कुठे पाठवायचा, तर छापलेल्या ईमेलवर. मोबाइल कार्डावर नसताना तो कुठून तरी मिळवून व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला नमस्कार करणं मी टाळते. छापलं नाही म्हणजे द्यायचं नव्हतं, असं धरायचं.

रात्री नऊला कार्डाची मागची बाजू आली. तिथे इंग्रजीत नाव होतं, ईमेलशी जुळणारं, आणि पद `General Manager`. मी आधी ‘विभागप्रमुख’ म्हणून भरून ठेवलं असतं तर पत्रात त्यांचं पद एक पायरी खाली गेलं असतं. कोपऱ्यात निळ्या पेनाने एक क्रमांक लिहिला होता, `080` ने सुरू होणारा, एक आणि सात दोन्ही आमच्यापेक्षा वेगळ्या वळणाचे. मी आकडे मोजले, अकरा. हे अक्षर साहेबांचं नव्हतं, त्यांची लिखाणाची तऱ्हा मी ओळखते. समोर बसून आपल्याच कार्डावर स्वतः लिहून दिलेला क्रमांक, म्हणजे तो वापरायची परवानगी सोबत आलेली. जपानी शिष्टाचारात समोरच्याच्या कार्डावर त्याच्या देखत खरडणं असभ्य मानतात. त्यामुळे कार्डावर पेनाचं अक्षर दिसलं की ते कुणाचं हे आधी पाहायचं. देणाऱ्याचं असेल तर तो छापील क्रमांकाच्या वरचढ.

फाइलमध्ये दोन ओळी वाढवल्या, `TITLE` आणि `TEL;TYPE=CELL`. `NOTE` मध्ये लिहिलं, “मोबाइल स्वतः लिहून दिला.” साहेबांनी सकाळी ड्राफ्ट उघडला, कंसातलं “आपल्याकडून येईल” खोडलं आणि पाठवला.